चाळीस बाय दहाची एलईडी वॉल आणि आपली पीपीटी: हॉलमध्ये कशी दिसेल ते घरीच बघा

काही वर्षांपूर्वी बालेवाडीच्या बाजूला एका बँक्वेट हॉलमध्ये एका कंपनीची डीलर मीट होती. पीपीटी माझ्याकडे होती. रात्री साडेअकराला एलईडी उभी राहिली, मी लॅपटॉप जोडला, तर स्लाइड मधोमध चौकोनात आणि दोन्ही बाजूंना काळं. ऑपरेटरने मागच्या टेबलावरून हाक मारली, "सर, फुल करू का?" मी झोपेत होतो म्हणा किंवा अडाणी होतो म्हणा, हो म्हणालो. त्याने एक बटण दाबलं आणि कंपनीचा गोल लोगो स्टेजभर आडव्या अंड्यासारखा पसरला. एमडींचा फोटो होता, त्यांचं वजन एका क्षणात दुपटीच्या वर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कार्यक्रम होता. त्या रात्री मी बेचाळीस स्लाइड पुन्हा बसवल्या.

त्यानंतर वॉल बघण्याआधीच ती टेबलावर उभी करायची सवय लागली. ती कशी करायची, ते एकाच वॉलवर दाखवतो, कारण पुण्यातल्या बँक्वेटमध्ये हेच माप पुन्हा पुन्हा समोर येतं: चाळीस फूट रुंद, दहा फूट उंच.

फुटांत सांगितलेलं माप विसरा, पॅनेल मोजा

एलईडीवाला, इव्हेंटवाला, हॉलचा मॅनेजर, सगळे फुटांत बोलतात. भाडं चौरस फुटावर ठरतं, म्हणून. पण वॉल फुटांत बनत नाही, पॅनेलांची बनते. भाड्याने मिळणारं नेहमीचं पॅनेल ५०० बाय ५०० मिलिमीटर असतं. तेव्हा "चाळीस बाय दहा" म्हणजे प्रत्यक्षात आडवी २४ पॅनेल आणि उभी ६, म्हणजे १२ मीटर बाय ३ मीटर. फोनवरचा संवाद साधारण असा होतो:

"दादा, पॅनेल कुठलं लावताय?"

"पाचशे बाय पाचशे, सर. थ्री पॉइंट नाईन."

"आडवे किती, उभे किती?"

"चोवीस बाय सहा."

एवढ्यात निम्मं काम झालं. थ्री पॉइंट नाईन म्हणजे दोन एलईडी ठिपक्यांमधलं अंतर ३.९ मिलिमीटर, यालाच पिच म्हणतात. त्या पिचच्या एका ५०० मिलिमीटरच्या पॅनेलमध्ये १२८ बाय १२८ ठिपके असतात. २४ ला १२८ ने गुणलं की ३०७२, आणि ६ ला १२८ ने गुणलं की ७६८. आपली वॉल ३०७२ बाय ७६८ पिक्सेलची आहे, आणि तिचा आकार चारास एक. नेहमीची स्लाइड सोळास नऊ असते, म्हणजे पावणेदोनास एकच्या जरा वर. माझ्या अंड्याचं गणित इथेच होतं: सोळास नऊ ताणून चारास एक केलं की प्रत्येक वस्तू सव्वादोन पट रुंद होते.

फोन ठेवण्याआधी "कन्फर्म आहे ना?" असं विचारून घ्या, आणि आदल्या दिवशी पुन्हा विचारा. लग्नसराईत आणि गणपतीच्या दिवसांत माल इकडचा तिकडे होतो. त्याच मापाच्या पॅनेलांत ३.९ ऐवजी ४.८ पिच आला तर एका पॅनेलमध्ये १०४ ठिपके असतात, वॉल २४९६ बाय ६२४ ची होते. आकार चारास एकच राहतो, चित्र फक्त जरा भरड दिसतं. त्याने फार बिघडत नाही. पण ऐनवेळी पॅनेलचं मापच बदललं तर घोळ होतो. ५७६ मिलिमीटरची तीन पिचची पॅनेल आली, तर चाळीस बाय दहामध्ये ती २१ बाय ५ बसतात. तिथे आकार ४.२ ला एक. तुमची चारास एक स्लाइड त्यावर न ताणता लावली की दोन्ही टोकांना अर्धं-अर्धं पॅनेल काळं राहतं, आणि मग कुणीतरी "फुल करू का?" विचारतंच.

याच फोनमध्ये आणखी दोन गोष्टी विचारून घ्यायच्या. वॉलखाली बेस किती उंच आहे, आणि प्रोसेसरला, म्हणजे लॅपटॉपचं चित्र घेऊन वॉलवर मांडणाऱ्या पेटीला, फोर-के इनपुट आहे का. हॉलच्या मॅनेजरला एकच विचारायचं: स्टेजपासून शेवटची रांग किती लांब. त्याला माहीत नसेल तर स्वतः जाऊन पावलं मोजा. या उदाहरणात बेस एक फूट आणि शेवटची रांग २५ मीटरवर धरतो.

वॉल चारास एक असली तरी लॅपटॉप सोळास नऊच पाठवतो

वॉलचे पिक्सेल कळले म्हणून स्लाइड तेवढी केली आणि झालं, असं मला बराच काळ वाटत होतं. मध्ये सिग्नल आहे, हे विसरायला होतं. लॅपटॉप एचडीएमआयमधून जे चित्र पाठवतो ते सहसा १९२० बाय १०८० असतं. तुमची चारास एक स्लाइड त्या चौकटीत मधोमध आडव्या पट्टीसारखी बसते: १९२० बाय ४८०, वर ३०० पिक्सेल काळे, खाली ३०० काळे.

आता ऑपरेटरने काय करायचं, तर प्रोसेसरमध्ये इनपुट क्रॉप लावून तेवढी पट्टी उचलायची आणि वॉलभर पसरवायची. आडवं शून्य, उभं ३०० पासून सुरू, रुंदी १९२०, उंची ४८०. पट्टीही चारास एक, वॉलही चारास एक, त्यामुळे गोल गोलच राहतो. पण १९२० ठिपक्यांचं चित्र ३०७२ ठिपक्यांवर पसरतं, म्हणजे १.६ पट ताणलं जातं. मोठ्या अक्षरांना काही होत नाही. बारीक अक्षरं मात्र ओल्या कागदावर शाई फुटावी तशी दिसतात.

फोर-के इनपुट विचारून ठेवायचं ते यासाठी. लॅपटॉपने ३८४० बाय २१६० पाठवलं, तर तीच पट्टी ३८४० बाय ९६० ची होते, वर-खाली ६०० पिक्सेल काळे. ऑपरेटर क्रॉपमध्ये शून्य, ६००, ३८४०, ९६० भरतो. आता चित्र ताणलं न जाता थोडं आवळलं जातं आणि अक्षरांच्या कडा स्वच्छ राहतात. लहान प्रोसेसरला फोर-के येत नाही, काही जुन्या लॅपटॉपला जमत नाही, आणि लांब केबलवर फोर-के सिग्नल अधूनमधून गुल होतो. तसं असेल तर १०८० वर राहा आणि अक्षरं मोठी करा. कार्यक्रमाच्या मध्ये स्क्रीन काळी होण्यापेक्षा जरा मऊ कडा परवडल्या.

तिसरी वाट म्हणजे लॅपटॉपमधून थेट ३०७२ बाय ७६८ पाठवणं. ग्राफिक्स कार्डमध्ये तसं रिझोल्यूशन स्वतः तयार करता येतं, पण समोरच्या प्रोसेसरनेही ते मान्य करावं लागतं. जमलं तर उत्तम, पिक्सेलला पिक्सेल. पण हे प्रकरण कार्यक्रमाच्या सकाळी सुरू करू नका.

सगळी पीपीटी बदलायची की नाही

इथे माझं मत जरा वेगळं आहे. पाच खात्यांचे पाच प्रमुख आपापल्या स्लाइड रात्री अकराला पाठवणार असतील, आणि त्यात एक्सेलमधून चिकटवलेले तक्ते असतील, तर चारास एकच्या नादी लागू नका. ऑपरेटरला सांगा की पीपीटी सोळास नऊच ठेवू, मधोमध खिडकीत लावा आणि मागे कार्यक्रमाची बॅकग्राउंड चालू ठेवा. खिडकी वॉलच्या पूर्ण उंचीची घेतली तर ती १३६५ बाय ७६८ पिक्सेलची होते, म्हणजे ५.३ मीटर रुंद. दोन्ही बाजूंना साडेआठशे पिक्सेल उरतात, तिथे कार्यक्रमाचं नाव आणि नक्षी. हे सुबक दिसतं आणि रात्री बाराला बदललेली स्लाइडही बिनतक्रार चालते.

पूर्ण वॉल वापरायची तर उद्घाटन, पुरस्कार, नव्या मालाचं अनावरण अशा दहा-बारा स्लाइडसाठी वापरा. त्यांच्यासाठी वेगळी फाइल करा. जुन्याच फाइलचं माप बदललं की मागचं चित्र ओढलं जातं, शीर्षकाचे चौकोन भलतीकडे जातात आणि ते निस्तरण्यात नवीन करण्याइतकाच वेळ जातो.

नव्या फाइलमध्ये `Design`, मग `Slide Size`, मग `Custom Slide Size` असं जा आणि रुंदीत `32 in`, उंचीत `8 in` टाइप करा. तुमच्याकडे सेंटिमीटर दिसत असले तरी `in` लिहिलेलं पॉवरपॉइंटला कळतं, तो स्वतः ८१.२८ आणि २०.३२ करून घेतो. ३२ आणि ८ का, तर एका इंचात ९६ पिक्सेल धरले की ३०७२ आणि ७६८ बरोबर येतात. पॉवरपॉइंट स्लाइडची कुठलीही बाजू ५६ इंचांपलीकडे नेऊ देत नाही, त्यामुळे याहून बरीच रुंद वॉल असेल तर निम्मं माप घ्या. महत्त्वाचा असतो तो आकार.

मांडणीबद्दल एकच सांगतो. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यापासून वॉल पाच मीटरवर असेल, तर १२ मीटरची वॉल त्याच्या नजरेत जवळजवळ १०० अंश व्यापते. शेवटच्या रांगेतल्या माणसाला तीच वॉल २७ अंशांत दिसते. तुम्ही एक वाक्य या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहिलं, तर शेवटचा माणूस ते सहज वाचतो आणि पहिल्या रांगेतले मान्यवर टेनिसची मॅच बघतात. वाचायचा मजकूर मधल्या तिसऱ्या भागात ठेवा, कडेला चित्र, रंग, नक्षी.

लॅपटॉपवर शेवटची रांग

वॉल डोळ्याला किती मोठी दिसते हे तिची रुंदी आणि आपलं अंतर यांच्या गुणोत्तरावर ठरतं. तेच गुणोत्तर टेबलावर जमवलं की तुम्ही घरबसल्या त्या खुर्चीत बसता.

लॅपटॉपच्या स्क्रीनची रुंदी मोजपट्टीने मोजा. नेहमीच्या १५.६ इंची लॅपटॉपची ती ३४.५ सेंटिमीटर भरते. तिला शेवटच्या रांगेच्या अंतराने गुणा आणि वॉलच्या रुंदीने भागा: ३४.५ गुणिले २५ भागिले १२, उत्तर ७२ सेंटिमीटर. स्लाइड शो सुरू करा. चारास एक पट्टी स्क्रीनच्या पूर्ण रुंदीत दिसेल, उंची साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास. डोळ्यापासून स्क्रीनपर्यंत ७२ सेंटिमीटर ठेवून बसा. शेवटच्या रांगेतल्या डीलरला वॉल एवढीच दिसणार आहे, ना मोठी ना लहान.

पहिल्यांदा केलं तेव्हा मला धक्का बसला होता. चाळीस फुटांची वॉल म्हणून आपण मनात काहीतरी भव्य धरून बसतो, आणि शेवटच्या रांगेतून ती लॅपटॉपवरच्या पट्टीएवढी. मी कौतुकाने टाकलेला अठरा पॉइंटचा तळटीपेचा मजकूर मुंगीसारखा दिसत होता.

मधली खिडकी वापरणार असाल तर वॉलऐवजी खिडकीची रुंदी घ्या. ३४.५ गुणिले २५ भागिले ५.३, म्हणजे साधारण १६२ सेंटिमीटर. नेहमीची सोळास नऊ स्लाइड पूर्ण स्क्रीनवर लावा आणि सव्वापाच फूट मागे सरका. खात्याच्या प्रमुखाला त्याचा चौदा ओळींचा तक्ता छोटा करायला सांगून तो ऐकत नसेल, तर त्याला याच जागी उभं करून वाचायला सांगा. वाद मिटतो.

पहिली रांग लॅपटॉपवर जमत नाही, कारण नाक स्क्रीनला लागतं. त्यासाठी घरचा टीव्ही. ४३ इंची टीव्हीची रुंदी ९५ सेंटिमीटर असते, ९५ गुणिले ५ भागिले १२ म्हणजे ४० सेंटिमीटर. टीव्हीपासून हातभर अंतरावर बसा आणि मान न वळवता काय काय दिसतं ते बघा. डाव्या कोपऱ्यातलं शीर्षक वाचताना उजवीकडचा आकडा नजरेबाहेर जातोय, हे तिथे दोन सेकंदांत कळतं.

अक्षराचं माप नुसत्या डोळ्यावर सोडायचं नसेल तर माझा हिशेब असा: शेवटच्या रांगेचं अंतर भागिले २०० एवढं अक्षर उंच हवं. २५ मीटरला साडेबारा सेंटिमीटर. वॉल तीन मीटर उंच, म्हणजे स्लाइडच्या उंचीचा चोविसावा भाग. इथे देवनागरीची एक मेख आहे. फॉन्टचं माप ४० पॉइंट म्हणजे "क" ४० पॉइंट उंच नसतो. त्या मापात वरची वेलांटी, खालचा उकार सगळं धरलेलं असतं. शिरोरेषेपासून खालपर्यंतचं नुसतं अक्षर फॉन्टनुसार त्याच्या निम्म्यापासून साठ टक्क्यांपर्यंत भरतं. आपली स्लाइड ८ इंच, म्हणजे ५७६ पॉइंट उंच. चोविसावा भाग २४ पॉइंट. तेवढा "क" मिळायला फॉन्ट ४० ते ४८ पॉइंटचा ठेवावा लागतो. त्यातही बारीक रेघेचा फॉन्ट टाळा. "क्ष", "द्ध", "ष्ट" यांच्या आतली पोकळी पिक्सेलांत बुजते आणि लांबून काळा ठिपका उरतो.

आणि हो, पीपीटी त्यांच्या मशीनवर चालणार असेल तर फॉन्ट फाइलमध्येच भरून द्या: `File`, `Options`, `Save`, तिथे `Embed fonts in the file`. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. अशा स्लाइड चित्र करून टाकलेल्या बऱ्या.

कागदाचा माणूस

लॅपटॉपवर अजून एक गोष्ट बघता येते, आणि ती बहुतेक जण बघत नाहीत. वॉलसमोर वक्ता उभा राहतो. १.७ मीटर उंचीचा माणूस, वॉलखाली एक फुटाचा बेस, म्हणजे साधारण १.४ मीटर वॉल त्याच्यामागे जाते. ३ मीटरमधली १.४, जवळपास निम्मी.

आपल्या पट्टीवर हे ४ सेंटिमीटर होतं. पिवळ्या चिठ्ठीतून ४ सेंटिमीटर उंच आणि दीड सेंटिमीटर रुंद असा माणूस कापा आणि पट्टीच्या खालच्या कडेला टेकवून चिकटवा. आता स्लाइड पुढे-मागे करा. चार्टमधला शेवटचा खांब त्याच्यामागे गेला का? पुरस्कार विजेत्याचं नाव त्याच्या छातीवर आलं का? चिठ्ठी पोडियमच्या जागी सरकवा, मग मधोमध. वक्ता स्टेजवर फिरणारा असेल तर खालची निम्मी वॉल मजकुरासाठी बादच समजा. पहिल्या रांगेतले खालून वर बघत असतात, त्यांच्यासाठी तर माणसाचं डोकं वॉलवर आणखी वर जातं.

पॅनेलांची जाळी: हॉलमध्ये पहिली लावायची स्लाइड

घरचं काम इथे संपतं. पण हॉलमध्ये रात्री जोडणी बरोबर झाली की नाही हे खऱ्या पीपीटीवरून कळत नाही. तिथे सगळं "ठीकच" दिसतं. त्यासाठी प्रत्येक पॅनेलला एक चौकोन आणि एक क्रमांक अशी स्लाइड आधीच करून न्यायची. १४४ चौकोन हाताने काढू नका. विंडोजवर पॉवरपॉइंटची नवी, कोरी फाइल उघडा, `Alt+F11` दाबा, `Insert` मधून `Module` घ्या, हे चिकटवा आणि `F5` दाबा. चालू पीपीटीमध्ये करू नका, मॅक्रो स्लाइडचं माप बदलतो.

```vba
Sub PanelGrid()
  Dim s As Slide, b As Shape, x, y
  ActivePresentation.PageSetup.SlideWidth = 2304
  ActivePresentation.PageSetup.SlideHeight = 576
  Set s = ActivePresentation.Slides.Add(1, 12)
  For y = 0 To 5
    For x = 0 To 23
      Set b = s.Shapes.AddShape(1, x * 96, y * 96, 96, 96)
      b.Fill.ForeColor.RGB = IIf((x + y) Mod 2 = 0, RGB(0, 0, 0), RGB(60, 60, 60))
      b.Line.ForeColor.RGB = RGB(255, 255, 255)
      b.TextFrame.TextRange.Text = (y + 1) & "-" & (x + 1)
    Next
  Next
  Set b = s.Shapes.AddShape(9, 864, 0, 576, 576)
  b.Fill.Visible = False
  b.Line.ForeColor.RGB = RGB(255, 255, 0)
End Sub
```

इथली मापं पॉइंटमध्ये आहेत, ७२ पॉइंटांचा एक इंच. ९६ पॉइंट म्हणजे आपल्या हिशेबात १२८ पिक्सेल, एक पॅनेल. तुमची वॉल वेगळी असेल तर पॅनेलांची संख्या, वरची दोन मापं आणि वर्तुळाची जागा बदला.

ही स्लाइड वॉलवर लागली की आधी मधलं पिवळं वर्तुळ बघा. ते लांबट दिसलं तर कुठेतरी ताणलंय, ऑपरेटरला क्रॉपचे आकडे पुन्हा वाचून दाखवा. मग चार कोपरे: `1-1`, `1-24`, `6-1` आणि `6-24` हे चारही चौकोन पूर्ण दिसायला हवेत. वरची रांग अर्धी कापलेली आणि खाली काळी पट्टी असेल, तर क्रॉप उभ्या दिशेने सरकलाय. नंतर स्टेजवर चढून वॉलजवळ जा. पांढऱ्या रेघा पॅनेलांच्या सांध्यावर येतात का ते बघा. डावीकडे बरोबर आणि उजवीकडे जाता जाता सरकत असतील, तर रुंदीचं माप चुकलंय. आकडेच उलटसुलट असतील, `3-7` च्या शेजारी `3-12`, तर पॅनेलांची जोडणी प्रोसेसरमध्ये चुकीची भरली आहे. ते काम त्यांचं, पण सांगावं आपणच लागतं, कारण नुसत्या बॅकग्राउंडवर ते रात्री एक वाजता कुणाच्या लक्षात येत नाही.

क्रॉप सरकण्याचं एक कारण मला दोनदा भेटलं आहे. रात्रीची तालीम एका लॅपटॉपवर होते आणि सकाळी साहेब स्वतःचा लॅपटॉप घेऊन येतात. त्याची स्क्रीन सोळास दहाची, डिस्प्ले `Duplicate` वर, आणि बाहेर जातंय १९२० बाय १२००. आता पट्टी ३०० वर नाही, ३६० वर सुरू होते. प्रोसेसर मात्र ३०० पासूनच कापतोय. वर काळी पट्टी येते आणि खालचा मजकूर गायब. उपाय दोन मिनिटांचा आहे: `Windows+P` दाबून `Extend` घ्या, दुसऱ्या डिस्प्लेचं रिझोल्यूशन ठरलेलंच ठेवा आणि जाळीची स्लाइड पुन्हा लावून बघा. म्हणून ती फाइल पेनड्राइव्हवर वेगळी ठेवावी, कुणाच्याही लॅपटॉपवर लगेच लावता येते.

प्रकाशाचं घरी काही बघता येत नाही

लॅपटॉपवर आकार, अक्षर, आडोसा सगळं कळतं, उजेड कळत नाही. एलईडी वॉल लॅपटॉपपेक्षा कितीतरी जास्त प्रखर असते, आणि तिच्यावर पांढरी स्लाइड लावली की पहिल्या तीन रांगा डोळे किलकिले करतात, समोरचा वक्ता काळी सावली होतो आणि फोटोग्राफर वैतागतो. मग ऑपरेटर ब्राइटनेस खाली आणतो. तेही बरोबरच, पण प्रकाश कमी केला की गडद राखाडी छटा सगळ्यात आधी मरतात. लॅपटॉपवर झकास दिसणारी काळ्यावरची राखाडी नक्षी सपाट काळी होते. जाळीत मी एक चौकोन काळा आणि एक गडद राखाडी ठेवलाय तो यासाठीच. ब्राइटनेस ठरल्यावर त्या दोघांतला फरक शेवटच्या रांगेतून दिसत नसेल, तर पीपीटीतल्या तशा छटा उजळ कराव्या लागतील.

हे हॉलचे दिवे कार्यक्रमाला असतात तसे लावून बघा. सेटअपच्या वेळी सगळे पांढरे दिवे पेटलेले असतात आणि त्या उजेडात ठरवलेला ब्राइटनेस सकाळी अंधाऱ्या हॉलमध्ये डोळ्यावर येतो. ऑपरेटरला सांगितलं की तो सहसा करून देतो. रात्रीच्या त्या वेळी त्यालाही चहा विचारावा. मग जाळी काढा, खऱ्या पीपीटीतली सगळ्यात जास्त मजकुराची स्लाइड लावा, आणि लॅपटॉप त्याच्याकडे सोपवून शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसा.